धच्या खालचं टिंब

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत तरन्नुमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत असली की तिसऱ्याने बाहेर पायरीवर थांबायचं. आधी तिथे तिच्या अब्बांची, रशीदभाईंची, टायपिंगची शिकवणी होती. आता कॉम्प्युटरपुढे तरन्नुम बसते आणि रशीदभाई कोपऱ्यात लॅमिनेशनच्या मशीनवर लोकांची रेशनकार्डं प्लास्टिकमध्ये घालतात. लग्नपत्रिका, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, पीकविम्याचे फॉर्म, पासपोर्ट फोटो, सगळं तिथे होतं.

तिशी उलटलेली ही मुलगी एका बाबतीत अगदी वेडी आहे. तिला डाग बघवत नाही. ओढणीच्या टोकाने दिवसातून दहादा स्क्रीन पुसते. कुणाचा जुना दाखला झेरॉक्सला आला तर त्यावरचा चहाचा गोल आधी कॉम्प्युटरवर घालवते, मग प्रिंट देते, आणि त्याचे वेगळे काही मागत नाही. फोटोतली मुरमं तर न विचारता काढते. अंतरवाली सराटीचा कारभारी नावाचा गृहस्थ एकदा फोटो घेऊन परत आला होता. हनुवटीवरचा त्याचा ठसठशीत तीळ तिने पुसून टाकला होता, आणि फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून त्याने तोच तीळ लिहिलेला. "माझा तीळ दे बाई," म्हणत तो पायरीवर उभा. तिने बिचारीने मुकाट्याने तीळ परत बसवून दिला आणि वर पुन्हा चार प्रिंट फुकट दिल्या.

हे मी तेव्हा हसत हसत घरी सांगितलं होतं. त्यातून काही शिकलो असतो तर पुढचं झालं नसतं, पण मास्तरकीचा एक तोटा असा की शिकायची सवय जाते.

मी भागवत मास्तर. चाळीस वर्षं जालन्यात गाणं शिकवलं. शाळेत, आणि शाळा सुटल्यावर घरी. माझी पद्धत एकच, मी म्हणायचं आणि पोरांनी मागून म्हणायचं. पुस्तकातलं स्वरलेखन मी पोरांना शिकवायचो, पण परीक्षेपुरतं. कागद बघून गाणाऱ्याला मी सरळ हसायचो. मग मागच्या दिवाळीआधी घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, आवाज गेला. आता कुजबुजल्यासारखं बोलतो, तेही चार वाक्यांनंतर खोकला येतो. म्हणून नातवाची ती बटण दाबलं की कोरी होणारी पाटी गळ्यात अडकवून फिरतो आणि तिच्यावर लिहितो. लिहितानाही माझा आवाज चढतो असं माझी बायको तुळजा म्हणते. अक्षरं मोठी होतात म्हणे.

घरी येणाऱ्या पोरी अकरा उरल्या होत्या, सातवी-आठवीतल्या. पेटी मी वाजवू शकत होतो, पण नुसत्या पेटीवर गळा तयार होत नाही हे मीच आयुष्यभर सांगत आलो. एका पोरीची आई दारात हळूच म्हणाली, "सर, तुम्ही आराम करा आता." मला तिचा राग आला नाही, यावरून समजा मी किती खचलो होतो.

तेव्हा मी तुळजाला पाटीवर लिहून दाखवलं, "एक शेवटचा प्रयोग. एक ओळ कागदावर देतो. पेटी नाही, काही नाही. घरी वाचून रविवारी म्हणून दाखवायची. आली तर शिकवणी राहील. नाही आली तर रविवारीच पोरींना सांगून टाकतो." तुळजाने वाचलं, आणि बटण दाबून पाटी कोरी केली.

भूप रागातली एक साधी सरगम निवडली. माझ्या गुरुजींचं जुनं पुस्तक, कव्हर कधीच गेलेलं, पानं पापडाच्या रंगाची. अख्खं पान दिलं तर पोरी घाबरतात, म्हणून एकच ओळ हवी होती. सोळा मात्रांची, चार-चारचे खंड पाडलेली. ती वर मोठी छापायची आणि खाली सोळा कोऱ्या चौकटी, त्यात पोरींनी टाळ्या आणि स्वर भरायचे. पुस्तक पिशवीत घालून मी तरन्नुमकडे गेलो.

"टाइप करून देऊ का सर?" तिने आधी विचारलं आणि खटपटही केली. पण तिच्या फॉन्टमध्ये खालवरच्या खुणा जागेवर बसेनात, आणि एक अक्षर हललं की खालचे तालाचे आकडे दुसऱ्याच स्वराखाली सरकायचे. शेवटी तीच म्हणाली, "ह्यापेक्षा छापील ओळच कापून घेऊ. तुम्ही बसा, मी करून राह्यले."

तिचं काम बघत बसण्यासारखं असतं. पान इतकं पातळ की स्कॅनरमध्ये मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटत होती. तिने ड्रॉवरमधून काळा कागद काढला आणि पानाच्या मागे सरकवला. मागची अक्षरं गायब. मी पाटीवर "वा" लिहिलं. पुस्तकाची शिवण दुखू नये म्हणून झाकण पूर्ण न दाबता तळहाताने पान हलकं धरलं. "एकच ओळ मोठी करायची ना, मंग सहाशे डीपीआयवर स्कॅन करते, न्हाईतर कडा फाटल्यावानी दिसतात," म्हणाली. पडद्यावर ओळ आली ती तिरकी होती. ती आधी सरळ केली. ओळ तिरकी असताना चौकट ओढली तर एका टोकाला आपली अक्षरं कापली जातात आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या ओळीची आत येतात, हे मला तिने दाखवलं तेव्हा कळलं. मग चौकट ओढली आणि कापली.

आणि माझं डोकं फिरलं. ओळीखालचे तालाचे सगळे आकडे तिने उडवले होते.

"ते गुणिले, दोन, शून्य, तीन?" ती चकित झाली. "मला वाटलं कुणी पुस्तकात गणित केलंय."

मी पाटी तिच्या नाकापुढे धरली. "फुली म्हणजे सम!!" दोन उद्गारचिन्हं मला आठवतात, कारण तिने ती मोजली. मग हातावर टाळी देऊन दाखवलं, फुलीवर पहिली, दोनवर दुसरी, शून्यावर हात उघडा, तीनवर पुन्हा टाळी. ती माझ्याबरोबर टाळ्या द्यायला लागली. रशीदभाई कोपऱ्यातून म्हणाले, "मास्टरजी, पोरीचं नाव आम्ही मोठ्या हौसेनं तरन्नुम ठेवलं, पन सूर काही घरात शिरला न्हाई." ती म्हणाली, "अब्बा, काम करा."

तिने मूळ स्कॅन परत उघडला, कारण ती तो कधी बदलत नाही, त्याची नक्कल करून त्यावर काम करते. या वेळी चौकट खालपर्यंत ओढली. आकडे आले, पण त्यांच्याही खाली एक काळं टिंब आत आलं. पुढच्या ओळीतल्या वरच्या सप्तकातल्या साच्या डोक्यावरचं ते टिंब, दोन ओळींमध्ये जागाच तेवढी. तिने त्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं, "हे आपलं नाही. पूस." तिने पुसलं.

मग तिने पानाचा पिवळेपणा घालवून पांढरं केलं, शाई काळी केली, आणि तेव्हा खरी गंमत दिसली. जुन्या कागदावरचे सगळे बारीक ठिपके शाईबरोबर काळे होऊन वर आले. ओळभर नुसती खसखस. मी लिहिलं, "एकही डाग नको." आणि खाली एक रेघ ओढली.

"एकही राहणार न्हाई सर," ती म्हणाली. "मशीनला सांगितलं तर ते एका झटक्यात साफ करतं, पन अक्षरांच्या कडा खातं. मी हातानं करते. तुम्ही उद्या या."

दुसऱ्या दिवशी प्रिंट तयार होती. इतकी सुंदर ओळ मी चाळीस वर्षांत कुठल्या पुस्तकात पाहिली नव्हती. लख्ख पांढऱ्यावर काळे ठळक स्वर, खंडांच्या उभ्या रेघा, खाली आकडे बरोब्बर आपापल्या मात्रेखाली. खाली सोळा चौकटी. मी ओठांतल्या ओठांत वाचून बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ठीक. मंजूर म्हणून पाटीवर सही केल्यासारखं माझं नाव लिहिलं. ती लाजून म्हणाली, "दोनशे बारा ठिपके काढले सर. मोजले मी." अकरा प्रती घेऊन घरी गेलो आणि बुधवारी पोरींना वाटल्या.

रविवारी पोरी आल्या. मी पेटीवर फक्त सा दिला आणि ती बंद करून ठेवली. आकांक्षा सगळ्यात धीट, ती आधी उठली. हाताने टाळ्या देत म्हणायला लागली. ग रे ग प, ग रे सा, आणि तिथून एकदम आकाशात. सापासून खालच्या धला उतरायचं, तर ही वरचा ध गाठायला गेली आणि आवाज फुटला. पोरी हसल्या. दुसरी उठली. तीच गत. तिसरी, चौथी. अकराच्या अकरा पोरी सापाशी पोचल्या की वर उडी मारत होत्या. भूप इतका घाबरवून टाकलेला मी कधी ऐकला नव्हता. पूर्वी मी एकदा "सा... ध" असं खाली उतरून दाखवलं असतं आणि दोन मिनिटांत काम झालं असतं. आता तोंड उघडलं तर खोकला, आणि पेटी उघडली तर प्रयोगच मोडला असता.

मी पोरींना खुणेने जायला सांगितलं. शिकवणी बंद हे पाटीवर लिहायला घेतलं होतं, पण हात चालेना. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पोरी चपला घालत होत्या तेव्हा आकांक्षाने मागे वळून विचारलं, "सर, चुकलं का?" मी मान हलवली. हो म्हणायची की नाही म्हणायची हे मलाच कळलं नाही, ती मात्र उतरल्या तोंडाने गेली.

तुळजाने चहा आणला. मी कागद समोर धरून बसलो होतो. चांगली पंधरा मिनिटं बघितलं असेल, तेव्हा दिसलं. ओळीत दोन ध आहेत, आठव्या मात्रेवर एक आणि तेराव्या मात्रेवर एक. आठवा खालचा, म्हणून त्याच्या पायाखाली टिंब हवं. तेरावा मधल्या सप्तकातला, त्याला टिंब नको. माझ्या हातातल्या कागदावर दोन्ही ध सारखे होते. टिंब नव्हतंच. आणि मी ते प्रूफ बघितलं होतं. चाळीस वर्षं ती ओळ पाठ असलेल्या माणसाने बघितलं होतं. टिंब माझ्या डोक्यात होतं, म्हणून मला कागदावर दिसलं.

हे शहाणपण आत्ताचं. त्या क्षणी मी चहा तसाच टाकून, पुस्तक घेऊन सरळ दुकानात गेलो. रविवारीही तिचं दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. रिक्षात बसूनच पाटीवर लिहून ठेवलं होतं, सबंध पाटी भरून. "तू माझा स्वर पुसलास. तुझ्या स्वच्छतेपायी माझी शिकवणी बुडाली." ते मी तिच्या कीबोर्डवर ठेवलं.

तिने वाचलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने मूळ स्कॅन उघडला, ती ओळ मोठी केली, आठव्या मात्रेवर गेली. धच्या खाली फिकट करडं टिंब. शेजारच्या बुरशीच्या ठिपक्यापेक्षाही फिकट. छापतानाच शाई कमी पडली असणार.

"हेच मी पुसलं," ती म्हणाली. "आठवून राह्यलं मला. जरा मोठं होतं, दोनदा पुसावं लागलं." डोळे भरले होते, पण ते तिने ओढणीने पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "तुम्ही खालचं टिंब पुसायला सांगितलं ना सर, ते आपलं न्हाई म्हणून. मला वाटलं, टिंब आपलं नसतंच."

माझा राग तिथेच विझला. हे मीच तिला शिकवलं होतं. एक टिंब दाखवून पूस म्हटलं आणि दुसरं ठेव म्हणून सांगितलंच नाही. वर एकही डाग नको म्हणून रेघ ओढली. पोर माझं ऐकण्यात चुकली नव्हती, माझं सांगणं अर्धं होतं. मी पाटी ओढून घेतली, बटण दाबलं आणि लिहिलं, "चूक माझी."

तिने तिकडे बघितलंही नाही. ती पडद्याकडे बघत होती, एकदा पुस्तकाच्या ओळीकडे, एकदा तिने साफ केलेल्या ओळीकडे.

"सर, पोरी कुठं चुकल्या?"

मी आठव्या मात्रेवर बोट ठेवलं आणि वर नेलं.

"सगळ्याच?"

अकरा बोटं दाखवता येत नाहीत. मी दोन्ही हात आणि मग एक बोट दाखवलं.

"बाकी ओळ?"

मी हात उघडून दाखवला. बाकी ओळ ठीक होती. टाळ्यासुद्धा जागेवर होत्या, हे मला तोवर आठवलंही नव्हतं.

"मंग सर," ती हळूच म्हणाली, जणू माझी परवानगी काढतेय, "माझ्या कागदावर वरचाच ध आहे. पोरींनी वरचाच म्हणला. अकरा जणींनी, आपापल्या घरी बसून. तुम्ही न म्हणता. म्हणजे त्यांनी बराबर वाचलं की. चुकला तो कागद. तुमचं शिकवणं बिलकुल बराबर निघालं."

मी पायरीवर बसलो. चाळीस वर्षांत परीक्षकांनी मला काय काय म्हटलं असेल, पण असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणारी कोण, जिला परवापर्यंत समेची फुली गणित वाटत होती. मला रडू आलं. लपवायला पाटी तोंडापुढे धरली, तर तिच्यावर मोठ्या अक्षरांत "चूक माझी" होतं आणि गल्लीतून जाणारे लोक ते वाचत होते. रशीदभाईंनी मशीन बंद करून पाण्याचा ग्लास दिला.

तरन्नुम कामाला लागली होती. "मी टिंब नवीन काढणार न्हाई," म्हणाली. "पुस्तकातलंच आणते." तिने मूळ स्कॅनमधून ध आणि त्याखालची जागा उचलली, फक्त तेवढीच शाई काळी केली, आणि साफ ओळीवर बरोबर त्याच जागी ठेवली. एक केसभर डावीकडे, मग परत. फाइल पुन्हा पीएनजीमध्येच ठेवली, जेपीजी केलं की अक्षरांभोवती धूळ बसते म्हणून. मग तिने ओळीतला एकेक ठिपका दाखवून विचारायला सुरुवात केली. "हे तुमचं? हे तुमचं?" मी मान हलवत होतो. नाही. नाही. शेवटी धच्या टिंबापाशी आली. "हे तुमचं." मी हो म्हटलं.

प्रिंटचं बटण दाबायच्या आधी ती थांबली.

"सर, एक विचारू? हे एवढंसं टिंब, ह्यानं फरक किती पडतो? म्हणजे ऐकायला?"

दुकानात पेटी नव्हती. मी पाटीकडे हात नेला आणि थांबलो. काय लिहिणार? आठ महिने मी कुणासमोर गायचा प्रयत्न केला नव्हता, तुळजासमोरही नाही. मी पाणी प्यायलो. सा लावायला गेलो, तर नुसती हवा आली. लाज वाटली. पण सा सोडला आणि खाली उतरलो, तर तळाशी काहीतरी होतं. घोगरं, थरथरतं, पण जागेवर. खालचा ध. वरचं सगळं गेलेलं, आणि तेवढा एक राहिलेला. मला ठाऊकच नव्हतं. तीन-चार मात्रा टिकला असेल, मग खोकला आला.

रशीदभाई हातातलं रेशनकार्ड तसंच धरून उभे होते. तरन्नुमचं बोट पडद्यावर टिंबाखाली होतं.

"एवढा खाली असतो होय?" ती म्हणाली. "सर, मंग पोरींना हा तुम्हीच म्हणून दाखवा. बाकीची ओळ त्यांना येऊन राह्यली."